भिंतीची जाडी

कुंपणाची भिंत अर्ध्यावरच होती आणि विटा संपल्या. मिस्त्रीचं डोकंच फिरलं. विटा आणणारे त्याचे सख्खे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा, तरी त्याने सगळ्या गवंड्यांसमोर विचारलं, "दाजी, अर्ध्या विटा कुणाच्या घशात घातल्या?"

दाजी तडक ट्रक घेऊन निघून गेले.

मिस्त्रीने तावातावाने पुन्हा हिशेब मांडला. विटेची लांबी एकोणीस सेंटीमीटर, सांध्याचा एक धरून वीस. उंची नऊ, सांध्यासह दहा. म्हणजे चौरस मीटरला पन्नास विटा, तीस चौरस मीटरला दीड हजार. चोख! मग त्याची नजर भिंतीच्या माथ्यावर गेली. तिथे दोन विटा शेजारी-शेजारी बसल्या होत्या. हिशेब एका विटेच्या जाडीचा आणि भिंत दुप्पट जाड! लागणार होत्या तीन हजार. सांध्यातला सेंटीमीटर न विसरणारा हा दीडशहाणा अर्धी भिंतच विसरला होता.

त्याने फोन लावला, पण माफी काही ओठांवर येईना. "अजून दीड हजार पाठवा," एवढंच कसंबसं बोलला.

सकाळी ट्रक आला. एरवी त्याला लाडाने 'बाळ्या' म्हणणारे दाजी ट्रकचं फाळकं उघडून बाजूला उभे राहिले.

"आधी मोजून घ्या, मिस्त्री."