चौऱ्याऐंशीचा भाव

ललितशेठला मी बुडवलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. बरं वाटलं का? वाटलं. दोन महिने मी रोज पोटभर जेवले.

आमचा कारखाना सातपूरला, पंपांचा. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट होता आणि त्या ट्रस्टची कारकून मी. ट्रस्टी चार. दोन मॅनेजमेंटचे, दोन कामगारांचे. पैसे कुठे गुंतवायचे ते कागदावर ते चौघे ठरवायचे. खरं तर टिपण मी लिहायची, मोठे साहेब "आशाबाईंनी बघितलंय ना?" एवढं विचारायचे आणि सही ठोकायचे. नाशिकमधल्या सगळ्या दलालांना हे माहीत होतं. म्हणून दिवाळीला मिठाईचा पहिला डबा माझ्या टेबलावर यायचा. मी तो कॅन्टीनला पाठवून द्यायची.

ललितशेठ आला तो २००२ च्या ऑगस्टमध्ये. शरणपूर रोडला एसी ऑफिस, खिशाला सोनेरी पेन. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. त्याने मला नाही. कसा ओळखणार? लग्नानंतर माझं आडनाव बदललं होतं. आणि ज्याला आपण नागवलं त्याच्या पोरीचं तोंड लक्षात ठेवायला माणसाला मुळात लाज असावी लागते.

१९९६ साली अण्णा, म्हणजे माझे वडील देवराम, याच कारखान्यातून निवृत्त झाले. हातात एक लाख ऐंशी हजार आले. तेव्हा हाच ललित स्कूटरवरून आमच्या दारात यायचा. "काका, बँक काय देते? बारा. ही फायनान्स कंपनी पंधरा देते. वर दोन टक्के मी आत्ता रोख देतो, काकूंना पातळ घ्या." आईने पातळ घेतलं. कंपनी दोन वर्षांत बसली. अण्णा पावती दुधाच्या पिशवीत गुंडाळून त्याच्याकडे गेले तेव्हा हा म्हणाला, "मी काय जबरदस्ती केली होती का? फॉर्मवर सही तुमची आहे." अण्णा ती पिशवी उशाखाली ठेवून वारले. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं: रेटिंग केलेलं नाही. आमच्या घरात कुणाला ते वाचता आलं नव्हतं. वाचलं असतं तरी कळलं नसतं.

मग मी शिकले. रागाने शिकले. रेटिंग एजन्सीची मासिकं मागवली, साहेबांच्या केबिनमधले आर्थिक पेपर घरी नेले. अक्षरं फार अवघड नसतात हो. ट्रिपल ए म्हणजे वेळेवर पैसे मिळण्याची खात्री सगळ्यात जास्त. मग डबल ए, मग ए, मग ट्रिपल बी. तिथपर्यंत गुंतवणुकीच्या लायक. त्याच्याखाली डबल बी लागलं की जोखीम बरीच. आणि डी म्हणजे पैसे चुकवलेच. पण अक्षरापेक्षा त्याची तारीख आधी बघायची. रेटिंग काही जन्मभराचं नसतं, कंपनीची तब्येत बिघडली की एजन्सी ते खाली आणते. जुनं पत्र मात्र जुनंच अक्षर दाखवत राहतं.

ललितशेठने माझ्यापुढे फाइल सरकवली. एका धागा कंपनीचे कर्जरोखे. शंभर रुपयांचा रोखा, वर्षाला बारा रुपये व्याज, तीन वर्षांनी शंभर परत. "ट्रस्टला सत्त्याण्णवला देतो, ताई. सव्वातेरा टक्के पडतात. आणि रेटिंग बघा, डबल ए!"

मी बघितलं. पत्र जानेवारी २००१ चं होतं.

सरकार तेव्हा सात-सव्वासात टक्क्यांनी कर्ज काढत होतं. ट्रिपल ए कंपन्या साडेआठला. आणि हा डबल एवाला सव्वातेरा देणार? का? त्याला काय पैसे जड झालेत? ज्याला नऊ टक्क्यांत पैसे मिळतात तो सव्वातेरा देत नाही. देतो तो, ज्याला नऊने कुणी दारात उभं करत नाही. वरचे चार टक्के म्हणजे बक्षीस नव्हे. पैसे बुडण्याची जी भीती असते, तिची ती किंमत.

"फाइल ठेवून जा," मी म्हणाले.

तो गेल्यावर मुंबईला दोन फोन केले. पहिला एजन्सीला. तिकडच्या मुलीने यादी बघून सांगितलं, "मॅडम, ते मेमध्ये खाली आणलंय. डबल बी." म्हणजे ट्रस्टच्या नियमाने आम्हाला हातसुद्धा लावता येत नव्हता. दुसरा फोन एका बाजारातल्या दलालाला. तो हसलाच. "चौऱ्याऐंशीला घ्या, मॅडम. पाहिजे तेवढे. विकणारे रांगेत उभे आहेत."

मी हिशेब मांडला. चौऱ्याऐंशीला घेतलं तर साडेएकोणीस टक्के पडत होते. म्हणजे बाजार ओरडून सांगत होता की ही कंपनी जाणार. आणि हा हरामखोर चौऱ्याऐंशीचा माल आमच्या फिटर-टर्नरांच्या गळ्यात सत्त्याण्णवला मारणार होता. चाळीस लाखांचे रोखे, पाच लाख वीस हजार याच्या खिशात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच क्षणी फाइलवर "नामंजूर" लिहून परत पाठवता आली असती. ट्रस्टचा पैसा वाचला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण मला ती संपवायची नव्हती.

दलालांची एक रीत असते. माल आधी स्वतःच्या नावावर उचलायचा, मग ट्रस्टला विकायचा. मंगळवारी, तेरा ऑगस्टला, मी त्याला फोन केला. "शेठ, चाळीस लाख बाजूला काढलेत. मीटिंग एकवीसला आहे. पण साहेबांना थांबायला आवडत नाही, माल तुमच्या हातात असला पाहिजे. घेऊन ठेवा."

"नक्की ना, ताई?"

"टिपण कोण लिहितं?" मी विचारलं.

तो खुशीत हसला. त्याला तेवढं पुरे होतं. तीन वर्षांत माझं टिपण कधी फिरलं नव्हतं.

एकवीस तारखेला तो पेढे घेऊन आला. साहेब होते, बाकीचे ट्रस्टी होते, कामगारांचे पुंजाराम होते. पुंजाराम सायखेड्याचे, मशिनशॉपमध्ये तीस वर्षं काढलेली. मी प्रत्येकापुढे दोन कागद ठेवले. एक त्याचं पत्र, दुसरा एजन्सीचा ताजा फॅक्स.

"पहिल्यावरची तारीख वाचा," मी म्हणाले. "मग दुसऱ्यावरची."

साहेबांनी चष्मा चढवला. पुंजारामांनी कागद लांब धरला. "हे तर डबल बी हे," ते म्हणाले. "मंग तेरा टक्के कामून देऊन ऱ्हायला ह्यो?"

"म्हणूनच देतोय, पुंजारामभाऊ. आणि बाजारात हा रोखा चौऱ्याऐंशीला मिळतो. हे आपल्याला सत्त्याण्णवला देताहेत."

ललितशेठचा चेहरा पांढराफटक. "ताई, तुम्हीच तर म्हणालात घेऊन ठेवा..."

"मी?" मी म्हणाले. "मी काय जबरदस्ती केली होती का? सौद्यावर सही तुमची आहे."

तेव्हा त्याने मला पहिल्यांदा नीट बघितलं.

"देवराम," मी म्हणाले. "एक लाख ऐंशी हजार. आठवतंय का? नसेल आठवत तर पातळ आठवा. हिरवं होतं."

पुंजारामांनी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला. मी घरी येऊन अण्णांच्या फोटोला हार घातला. आईला सांगितलं तेव्हा ती उठून दिव्यात तेल घालायला गेली. मला तिचा रागच आला.

सप्टेंबरअखेर त्या कंपनीचं व्याज आलं नाही. डबल बीचं डी झालं. चौऱ्याऐंशीचा रोखा वीसलाही कुणी विचारीना. शरणपूर रोडच्या ऑफिसला कुलूप लागल्याचं कळलं. मी मुद्दाम रिक्षा तिकडून घ्यायला लावली आणि ते कुलूप डोळे भरून बघितलं.

दसऱ्यानंतर दुपारी बारकूकाका आले. हरसूलचे, अण्णांच्या हाताखाली हेल्पर होते. माझ्या लहानपणी डब्यातली नागलीची भाकरी अर्धी मोडून मला द्यायचे. त्याच वर्षी जूनमध्ये निवृत्त झाले होते, त्यांचा एक लाख साठ हजारांचा चेक मीच त्यांच्या हातात ठेवला होता.

त्यांनी टेबलावर दुधाची पिशवी ठेवली. आत घडी घातलेला कागद.

"आशा, तुला वाचता येतं. हे बघ ना. पंधरा दिवसात देतो बोलला, अकरा टक्क्यांनी. दुकानाला कुलूप हाय."

कागद ललितशेठच्या लेटरहेडवर होता. एक लाख साठ हजार मिळाले. तारीख चौदा ऑगस्ट. माझ्या फोनचा दुसरा दिवस.

चाळीस लाखांचे रोखे त्याने एकट्याच्या पैशाने कुठून घेतले असतील? हा प्रश्न मला पडलाच नव्हता. रेटिंग बघितलं, तारीख बघितली, भाव बघितला. पैसे कुणाचे ते बघितलं नाही.

"काका, त्याला कशाला दिले?" माझा आवाज चढला. "माझ्याकडे यायचं होतं ना! मी इथं बसलेय कशाला?"

"अगं, पहिले नायच बोललो मी," बारकूकाका म्हणाले. "देवरामचं झालेलं मला ठावं नाय का? पण तो बोलला, माझा माल कारखान्याचा ट्रस्टच घेतोय, आशाताईनी कालच हो म्हटलंय. तुझं नाव घेतलं, म्हणून दिले."

बाहेर तीनचा भोंगा वाजला. पाळी सुटली, पोरं सायकली काढायला लागली. मी कागदाची घडी घातली, परत उघडली. त्यात वाचायला काही उरलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "मी खरंच हो म्हटलं होतं. पण ते खोटं होतं. त्याला बुडवायला म्हटलं होतं."

त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पिशवी हळूच माझ्याकडे सरकवली.

"बरं," ते म्हणाले. "मंग आता खरं सांग. कधी मिळतील?"