अंड्यांचा ट्रे

कोथरूडला क्लासेसच्या रांगेसमोर माझी भुर्जीची गाडी आहे, बावीस वर्षं झाली. माझा मुलगा उत्तरेश्वर एका कारखान्यात कामाला जातो. दसऱ्यापासून सून उत्कर्षा माझ्यासोबत गाडीवर उभी राहते. ती कांदा चिरते, पाव भाजते, अंडी हातात देते. तवा मात्र माझा.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "आत्या, कांदा अजून थोडा होऊ द्या की." आमच्याकडे सून सासूला आत्याच म्हणते. मी तिला सांगितलं, तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हापासून मी ही गाडी चालवतेय, मला शिकवू नकोस. त्यानंतर तिनं तव्याबद्दल तोंड उघडलं नाही.

पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलायला लागली. कांदा-टोमॅटो परतून झाला की मी हात पुढे करते, आणि अंडी येतच नाहीत. अंड्यांचा ट्रे तिच्या बाजूला, कांदा चिरायच्या पाटाखाली. कधी तिला आधी हात पुसायचे असतात. कधी ती एक अंडं उचलते, उजेडात धरून बघते, परत ठेवते, दुसरं उचलते. गिऱ्हाईक समोर ताटकळतं आणि मी हात पसरून उभी. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीला आता झेपत नाही.

घरीसुद्धा नवरा-बायको हल्ली हळू आवाजात बोलतात. मी आत आले की गप्प. एकदा उत्तरेश्वरनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, पाय दुखतात का गं, घरी बसावंसं वाटतं का. हे शब्द त्याचे नव्हेत, हे मला कळलं. माझी गाडी जाणार होती. आणि ही दोघं ती माझ्याच गिऱ्हाइकांसमोर, माझ्याच हातून काढून घेणार होती.

मग मी एका संध्याकाळी काही न बोलता ट्रे उचलला आणि माझ्या बाजूला, तव्याजवळ ठेवला. उत्कर्षानं ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मान खाली घालून कांदा चिरत राहिली. चोर सापडल्यावर असंच करतो, असं मला वाटलं.

पहिलं गिऱ्हाईक गोपाळकृष्ण जोशी. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा ते चालायला म्हणून बाहेर पडतात. मी तेल तापवलं, कांदा-मिरची टाकली. कांद्याची चरचर थांबली की पाणी आटलं समजायचं, ही माझी खूण. डोळ्यानं मी कधी बघत नाही. चरचर बसली. हळद, तिखट, टोमॅटो टाकून परतलं, चार अंडी फोडली, हलवली, कोथिंबीर घालून प्लेट दिली. झटपट. कुणाची वाट बघावी लागली नाही.

मास्तरांनी दोन घास खाल्ले, प्लेट तिरकी केली. कडेला पिवळं पाणी जमलं.

"चंद्रभागाबाई," ते म्हणाले, "ही भुर्जी आहे की सार? सार असेल तर वाटी द्या."

मी प्लेट घेतली. एक तुकडा तोंडात टाकला. कांदा दाताखाली कचकन वाजला. कच्चा. अंड्यात सुटलेलं सगळं पाणी त्याचंच. अशा प्लेटा पावसाळ्यातही परत आल्या होत्या. तेव्हा मी ओल्या कांद्याला दोष दिला होता. दसऱ्यानंतर त्या बंद झाल्या आणि मी म्हटलं, कांदा सुधारला.

दसऱ्यानंतर कांदा सुधारला नव्हता.

मी मास्तरांना थांबायला सांगितलं आणि तवा पुसून पुन्हा तेल, पुन्हा कांदा टाकला. या वेळी खाली वाकून बघत राहिले. थोड्या वेळानं चरचर बसली. कांदा अजून पांढराफटक होता, बुडबुडे उठत होते.

"उत्कर्षा, आवाज येतोय का गं?"

"कांदा अजून ओरडतोय, आत्या."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. रिक्षांचे हॉर्न येत होते, तव्याचं काही नाही. घरात ती दोघं हळू आवाजात बोलत नव्हती, हेही तेव्हाच उमगलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं." ती पाव कापत म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात. मग म्हटलं, अंडी तरी उशिरा द्यावीत."

"आणि घरी बसवायचं चाललंय ते?"

"ते ह्यांच्या डोक्यात आहे. मी म्हटलं, आत्यांचा हात आहे तवर गिऱ्हाईक आहे. मला अंडं हलवायला कुठं जमतं अजून? माझं कोरडं होतं."

कांद्याच्या कडा लालसर व्हायला लागल्या. माझा हात सवयीनं ट्रेकडे गेला. मी ट्रे उचलला आणि तिच्या बाजूला, पाटाखाली सरकवला.

मसाला आणि टोमॅटो घातला. टोमॅटो मऊ होऊन कडेला तेल दिसेपर्यंत मी हात पसरून उभी राहिले. तिनं एक अंडं उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं.

"म्हणजे आज काही मिळणार आहे की नाही?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "अंडी तिच्याकडे आहेत."