बाबांच्या फोनवरचा कोड

त्या दिवशी क्षितिजच नव्हतं. दसरा झाला की आमच्याकडे काशीदच्या बाजूला अशा धुरकट दुपारी येतात, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. लांबच्या होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसतात. मी पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि मलाही तसंच अधांतरी वाटत होतं.

मुलांचं चित्रांचं पुस्तक होतं. मी काढलेलं, माझं पहिलं, मुखपृष्ठावर 'चित्रं : रचना' छापलं जाणार होतं. वाशीच्या प्रकाशिका हेतलबेन दुपारी चारला फाइली छापखान्याकडे पाठवणार होत्या. आज चुकलं तर छापखाना दुसरं काम घेणार आणि पुस्तक बालमेळ्याला पोचणार नाही. मग पुढचं पुस्तक माझ्याकडे कशाला येईल?

सगळ्या अंतिम फाइली आमच्या दोघींच्या सामायिक ऑनलाइन खात्यात होत्या. माझ्या लॅपटॉपवर एवढं मावतच नाही. आज सकाळपासून खातं चालवणाऱ्या कंपनीने सगळ्यांनाच मोबाइलवरच्या कोडची सक्ती केली. तशी सूचना आठवडाभर येत होती आणि मी रोज 'नंतर' दाबत होते. आज दोघींनाही बाहेर काढलं. कोड जाणार नोंदलेल्या नंबरावर, आणि तो नंबर होता माझ्या बाबांचा!

खातं उघडलं तेव्हा माझं सिमकार्ड बंद पडलं होतं. टेबलावर बाबांचा फोन होता, मी बिनधास्त त्यांचा नंबर टाकला. आता बाबा, म्हणजे भिकू तांडेल, खोल दर्यात होते. फोन खाऱ्या पाण्यानं खराब होतो म्हणून ते तो बंद करतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि तांदळाच्या डब्यात खुपसतात. चालू असता तरी तिथं रेंज कुठली! मी मात्र वेड्यासारखी पुन्हा पुन्हा कोड मागवत राहिले, आणि शेवटी खात्याला कुलूप लागलं. काही तास थांबा, असा निरोप.

मग मेल लिहायला घेतला. 'काही तांत्रिक अडचणींमुळे' एवढं लिहिलं आणि माझाच मला राग आला. पुसून टाकलं.

'हेतलबेन, फाइली आज वेळेवर मिळणार नाहीत. खात्याला नवीन पडताळणी आली आहे आणि कोड माझ्या बाबांच्या फोनवर जातो. बाबा मासेमारीला गेले आहेत. मी फार वेळा कोड मागवल्यामुळे खातं बंद झालं, ते संध्याकाळी उघडेल. पण बाबा रेंजमध्ये येईपर्यंत मलाही आत जाता येणार नाही, तुम्हालाही नाही. नंबर माझा टाकायला हवा होता. छापखान्याला थोडं थांबवता आलं तर बघा.'

पाठवून टाकलं. शेजारी जाळं विणत बसलेल्या आईनं विचारलं, "बाबांना वायरलेसवर सांगू का?"

"नको," मी म्हणाले. "जाळी टाकलेली असतील. माझ्यासाठी उचलायला सांगायचं व्हय?"

खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. मी घरी बसून चित्रं काढते याला बाबा कधी काम म्हणालेच नव्हते. "खेळ चाललाय पोरीचा," एवढंच. ते येणारच नाहीत हे मला ऐकायचं नव्हतं. आई जाळं बाजूला ठेवून, चप्पल घालून बंदराकडे गेली.

हेतलबेनचं उत्तर आलं : 'शाम तक रोखती हूं. उससे आगे मेरे हाथ में नहीं.'

ऊन पिवळं झालं, मग तांबूस. कुलूप उघडलं होतं, पण उपयोग काय? मी धुक्याकडे बघत बसले. आणि फोन वाजला, बाबांचा. मागं इंजिनची घरघर.

"अगं, ह्याच्यात आकड्यांची रास पडलीय. कुठला सांगू?"

"एकबी नको, बाबा! शिळे झाले ते. आता ताजा मागवते."

"मागव. मी हाय इथंच."

नवा कोड आला. बाबा एकेक आकडा ओरडून सांगत होते, मी टाइप करत होते, आणि पानं उघडली. मी रडत होते. फाइली गेल्या. 'मिल गया,' हेतलबेननं लिहिलं.

त्याच दमात मी माझ्या फोनवर कोडचं अॅप बसवलं. त्याला रेंजही लागत नाही. आता बाबांचा नंबर काढून टाकायचा होता, तेवढ्यात ते दारात आले. टोपल्या जवळजवळ रिकाम्या.

"जाळी उचलली?" मी विचारलं.

"अर्धी. मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर बसणारा सदा बोलला, तुझी आय सांगायला आलीय, पोरीचं काम अडलंय." ते पाय धूत होते, माझ्याकडे न बघता. "पुढच्या फेरीला फोन डब्यात न्हाय ठेवत. किनाऱ्याकडे आलो की चालू करीन. तुझ्या कामाला लागंल ना माझा नंबर?"

माझं बोट 'काढा' या शब्दावर होतं. मी ते उचललं.

"लागंल, बाबा," मी म्हणाले.