भिंगापुढची काच

"बाई, त्या कॅमेऱ्यात बघून बोलताना तुम्हाला आत कोण दिसतं?"

हा प्रश्न खरं म्हणजे माझा नव्हता. आमच्या वर्गातल्या बनी आणि धोंडूनं पैज लावली होती की मी तो भर स्टुडिओत विचारूच शकणार नाही. नट्यांना म्हणे भिंगात नायक दिसतो, म्हणून त्या तशा बघतात. मागच्या महिन्यात वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून मी कुणालाही काहीही विचारत सुटले होते, तेव्हा हेही विचारलं. दिवे लागलेले, माणसं गप्प उभी, आणि माझा आवाज मेला खणखणीत.

खुर्चीवर झुंबरबाई बसल्या होत्या. त्या नटी नव्हेत, दवाखान्यातल्या नर्स. पदरानं मानेवरचा घाम टिपत म्हणाल्या, "कोन दिसतंय? काळं भोक दिसतंय, पोरी. विहिरीत वाकून हाक मारल्यागत वाटतंय. हाक परत सुदिक येत न्हाय."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला ते ओळखीचं वाटलं. आमची आक्का लग्न होऊन चंदगडला गेल्यापासून माझं घरात तसंच चाललं होतं. मी बोलायची, भिंत ऐकायची.

माझे बाबा, दत्तोपंत, या स्टुडिओत नावं रंगवतात. सिनेमाच्या सुरुवातीला जी वळणदार अक्षरं येतात, ती काचेवर कुंचल्यानं काढायची, हे त्यांचं काम. पण या वेळी सिनेमा नव्हता. बाळंतपणाआधी बायकांनी दवाखान्यात यावं, हे सांगणारा लहानसा बोलपट होता. तो मोटारीतून गावोगाव नेऊन पडद्यावर दाखवायचा होता. त्यात दुसरं काही नाही, एक बाई पडद्यावर बसून तुमच्याशी बोलणार, एवढंच. ती बाई म्हणून बाळासोंनी झुंबरबाईंना निवडलं. बाळासो म्हणजे दिग्दर्शक. मनानं चांगले, तोंडानं फटकळ.

मला त्यात रस होता तो आक्कामुळं. आक्काचं पहिलं बाळ आमच्या घरी झालं आणि राहिलं नाही. त्या रात्रभर झुंबरबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. पुढं सासूबाईंनी निरोप धाडला, आता कोल्हापूर नको, दुसरं इथंच होऊ दे. बाबांनी आणि आईनं मान खाली घातली ती घातलीच. आता आक्काचे दिवस भाद्रपदात भरायचे होते. मध्यंतरी तिकडचे एक पावणे काजू द्यायला आले तेव्हा म्हणाले, पोरीच्या हातात बांगड्या चढंनात. आई म्हणाली, होतं असं. मला वाटायचं, झुंबरबाई पडद्यावर आल्या तर आक्का त्यांचं ऐकेल. सासूबाईही ऐकतील कदाचित.

पण झुंबरबाईंना काही जमेना. मजकूर कुणा प्राध्यापकांनी लिहून दिलेला. 'गर्भवती स्त्रियांनी यथाकाल वैद्यकीय तपासणी करवून घेणे हे भावी पिढीच्या आरोग्याच्या दृष्टीने हितावह होय.' बाईंनी तो पाठ केला. पण आठवायला लागल्या की बुबुळं वर छताकडं जायची, जणू वाक्य तुळईवर लिहिलंय. म्हणून मग मी कॅमेऱ्याशेजारी पुठ्ठा धरून उभी राहिले. त्यावर बाबांनी मजकूर काढला होता, एकेका वेलांटीला फुलं आल्यासारखा. बाईंनी वाचला, अडखळल्या नाहीत. आम्ही खूश.

फिल्म धुऊन आली आणि बाळासोंनी ती स्टुडिओतल्या लहान खोलीत पडद्यावर लावली. झुंबरबाई आमच्याकडं बघतच नव्हत्या. शेजारच्या घरातली चोरून ऐकणारी कुणी बाई असावी, तिच्याकडं बघून बोलत होत्या. शिवाय डोळे झाडू मारल्यासारखे डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं.

"ही बाई खोटं बोलतीया असं वाटतंय," बाळासो म्हणाले. "कच्ची फिल्म परमिटावर मिळती, बाई. एकदा अजून बघू. न्हाय जमलं तर पुण्याची नटी आणतो."

झुंबरबाई म्हणाल्या, "आणा की. मला कुठं हौस हाय."

पण त्या बाहेर ओट्यावर एकट्याच बसून राहिल्या. मी जाऊन शेजारी बसले. दवाखान्याच्या आवारातल्या त्यांच्या खोलीत दुसरं माणूस नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणाल्या, "वार्डात मी दिसभर बडबडती बघ. समोर बाई असती, तिचं तोंड बघून कळतंय काय बोलायचं. इथं कुणाचं तोंड बघू?"

"मग वॉर्डात तुम्ही काय सांगता? तेच सांगा की मला."

त्यांनी सांगितलं. हात धरून सांगितलं. मी ऐकता ऐकता मनात त्याची वाक्यं पाडत होते. वक्तृत्वात मला शिकवलं होतं की वाक्य लांब असलं की भारदस्त वाटतं. पण बाईंच्या वाक्यात एकच श्वास मावायचा, आणि जिथं श्वास संपायचा तिथं त्या समोरच्या बाईकडं बघायच्या. तीच वाक्यं मी लिहून काढली आणि बाळासोंनी प्राध्यापकांचा मजकूर बाजूला ठेवला.

त्याच दिवशी कॅमेरामन आणि बाबा यांच्यात काचेची गोष्ट निघाली. परदेशात कुठं तरी भिंगाच्या पुढं काच तिरपी लावून तिच्यात अक्षरं दाखवतात, असं कॅमेरामननं मासिकात वाचलं होतं. काच तर बाबांच्या खोलीत पैशाला पासरी. त्यांनी एक निर्मळ काच भिंगापुढं तिरपी उभी केली, वरची कड बाईंकडं झुकलेली. खाली टेबलावर कागदाची गुंडाळी, दोन लाकडी रुळांवर, फिरवायला दांडी. काचेच्या मागं, भिंगाभोवती काळं कापड, म्हणजे मागं अंधार आणि काचेत अक्षरं उजळ. बाईंना अक्षरं थेट भिंगावर तरंगताना दिसणार, आणि कॅमेऱ्याला काचेतून फक्त बाई. काचेनं थोडा उजेड खाल्ला, म्हणून दिवा एक वाढवला.

पहिल्यांदा काचेत बघितलं तर सगळी अक्षरं उलटी. आरशात सदऱ्यावरचं नाव वाचावं तशी. बाबा म्हणाले, उलटं काढतो, त्यात काय. पण मोठं काम होतं ते. मग मी म्हटलं, नकाशा गिरवायचा पातळ कागद घ्या, सरळ लिहा आणि पालथा घाला, खालून दिवा लावा. बाबा लगेच कागद आणायला गेले.

खरं भांडण झालं ते अक्षरांवरून. बाबांनी पुन्हा वेलबुट्टी सुरू केली. मी म्हटलं, "बाबा, हे कौतुकानं बघायचं नाही, बोलायचं आहे. साधं आणि ठसठशीत काढा. एका ओळीत तीन-चारच शब्द, मधोमध, म्हणजे डोळे इकडून तिकडं पळणार नाहीत."

"एवढा कागद कोऱ्या समासासाठी घालवायचा?"

"हो."

बाळासो म्हणाले, "दत्तोपंत, पोरगी बरोबर बोलतीया. आणि कॅमेरा जरा मागं घेऊ, लांबचं भिंग लावू. म्हंजे वाचताना डोळं हललेलं कळायचं न्हाय."

दांडी माझ्या हातात आली. पहिल्या तालमीत मी ती माझ्या चालीनं फिरवली, वक्तृत्वाच्या. बाई धापा टाकत ओळींच्या मागं धावल्या. बाळासो ओरडले, "अगं, बैलाच्या म्होरं गाडी नको." मग मी टेबलाखाली गुडघ्यावर बसले आणि फक्त बाईंचा आवाज ऐकत राहिले. त्या थांबल्या की मी थांबायची. त्या निघाल्या की मी निघायची. दांडी करकरत होती, तिला तेल घातलं. खाली बसल्यावर बाई दिसतच नव्हत्या. नुसता एक आवाज; तो माझ्या हाताच्या चालीनं नव्हे, माझा हात त्याच्या चालीनं.

"पोरी, पोटात बाळ हाय न्हवं? मग दवाखान्यात ये. लवकर ये. पाय सुजलं? हाताच्या बांगड्या चढंनात? डोकं ठणकायलंय, डोळ्याम्होरं अंधारी येतीया? होतंय असं म्हणून घरात बसू नगो. त्याच दिवशी ये. एकटी नगो येऊ. कुणाला तरी संगं घे."

बांगड्यांची ओळ मीच बाईंच्या तोंडून ऐकून घातली होती. कागदावर उतरवताना माझा हात थांबला होता. पण मग वाटलं, बरं झालं, बोलपट जाईल तिकडं, आक्का ऐकेल.

फिल्म धुऊन आली त्या संध्याकाळी आम्ही त्याच खोलीत बसलो. दिवा मालवला आणि झुंबरबाई पडद्यावर आल्या. या वेळी त्या शेजारणीकडं बघत नव्हत्या. बाबांकडंही नाही, बाळासोंकडंही नाही, असं मला वाटलं. माझ्याकडं बघत होत्या. जागा बदलली तरी माझ्याकडंच. "हाताच्या बांगड्या चढंनात?" त्यांनी विचारलं आणि थांबल्या, माझ्याच हातानं कागदावर सोडलेली ती थांबायची जागा.

मी अंधारात म्हटलं, "हो."

पडद्यावरच्या बाईंना ते ऐकू गेलं नाही. त्या पुढं बोलू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत एवढी माया होती आणि त्यांना मी दिसत नव्हते. मला एकदम आक्का दिसली. ती अशीच अंधारात कुठं तरी बसून हो म्हणेल, आणि पडदा पुढं निघून जाईल.

दिवा लागला. बाळासो खूश होते. त्यांनी झुंबरबाईंना नटी म्हणून हाक मारली. खऱ्या झुंबरबाई लाजून म्हणाल्या, "ही कोन बया? माझ्यापरीस बरी बोलतीया."

मी विचारलं, "चंदगडला हा कधी दाखवणार?"

"तिकडं?" बाळासो म्हणाले. "तिकडचा पाऊस ठावं न्हाय व्हय तुला? एस.टी. कशीबशी जाती, पर यंत्रं लादलेली आपली मोटार चिखलात रुतंल. रस्तं वाळलं की, दिवाळी झाल्यावर."

आक्काचे दिवस भाद्रपदात होते. मी बाबांकडं बघितलं. ते काच पुसायला म्हणून उठले होते आणि ती आधीच स्वच्छ होती. म्हणजे बांगड्यांचं त्यांनीही ऐकलं होतं, फक्त हो म्हणाले नव्हते.

मी झुंबरबाईंना बाजूला घेऊन पावण्यांनी सांगितलेलं सांगितलं. त्यांनी हसू पुसलं. "कवा म्हणालता त्यो? आणि तू आत्ता सांगतीस? तिला आणा. तिथल्या दवाखान्यात न्हाय तर हितं. पर बसवून ठेवू नगा."

घरी आलो. आई भाकऱ्या थापत होती. बाबा पाटावर बसले. आई म्हणाली, "झाला का तुमचा बोलपट?"

मी बसले नाही. वक्तृत्वात उभं राहते तशीही नाही राहिले. हात पाठीमागं बांधलेले नव्हते, मान वर नव्हती. आईच्या तोंडाकडं बघितलं, मग बाबांच्या, आणि श्वासाला मावेल एवढंच बोलले.

"उद्या सकाळच्या एस.टी.नं मी चंदगडला जाणार. आक्काला दवाखान्यात नेणार. सासूबाई काय म्हणायचं ते मला म्हणतील. बाबा, तुम्ही येणार असाल तर बरं होईल. नाही आलात तरी मी जाणार."