बोलायचं तर बोली बोला

डॉक्टरांनी माझ्या पोटाचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "मावशी, दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी निघताना पेलाभर. मग संध्याकाळी घरी गेल्यावर हवं तेवढं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी कबूल केली. एक मुतखडा काढून झाला होता, आता दुसरा धरला होता. म्हणाले, "पाणी प्या, नाहीतर बाजार सोडा. तिसऱ्या वेळी मूत्रपिंड हातचं जाईल."

पाणी प्या म्हणे! प्यायचं, आणि मग जायचं कुठे? आमच्या भाजीबाजारात पुरुषांना भिंत पुरते. आम्ही बायका सकाळपासून सुकलेल्या जिभेने गिऱ्हाइकांशी भांडत बसतो. तशी बाजारात बायकांसाठी मुतारी आहे हो! माझ्या टोपल्यांसमोरच उभी आहे. गुलाबी रंग, पांढऱ्या फरशा, वर पाण्याची टाकी. उद्घाटनाला फीत कापली, फोटो काढले आणि त्याच दिवशी दाराला कुलूप ठोकलं. दोन वर्षं मी त्या कुलपाकडे बघत मिरच्या विकतेय. बाजारात मला 'तिखट' म्हणतात ते काही नुसत्या मिरच्यांमुळे नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर सुनेने निकाल देऊन टाकला. "आई, आता बास. महिनाअखेर बसणं बंद करा. आम्ही दोघं कमावतोय ना?"

पोरगी मायेनेच बोलत होती. पण मला रडू आलं. नवरा गेल्यावर त्या जागेवर बसून मी मुलगा वाढवला. गिऱ्हाइकं माझी, शेजारणी माझ्या, भांडणंसुद्धा माझी. घरी भिंतीला लटकून राहायला मी काय कॅलेंडर आहे?

शेजारची अंडेवाली माझी मैत्रीण. पालिकेला आम्ही किती अर्ज दिले त्याची मोजदाद तिलाही नाही. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर, 'बाब विचाराधीन आहे.' एक दिवस ती म्हणाली, "मुख्याधिकारी साहेबांना समोरासमोर गाठायचं. बाजारशुल्काचा लिलाव आहे, तिथे ते स्वतः असतात."

बाजारशुल्क म्हणजे आम्ही बसायच्या जागेचे रोज दहा रुपये देतो ते. ते गोळा करायचा हक्क पालिका दरवर्षी लिलावाने देते. ज्याची बोली मोठी तो ठेकेदार. तो बोलीएवढे पैसे पालिकेला भरतो आणि वर्षभर आमच्याकडून वसूल करतो. आमचा ठेकेदार दहाची पावती आणि पंधरा रुपये, असा हिशेब करायचा. माझ्याकडून मात्र दहाच घ्यायचा, जिभेला भिऊन.

आम्ही दोघी गेलो तर शिपाई दारात आडवा. "अनामत भरलेल्यांनाच आत सोडतो."

"परत मिळते का अनामत?"

"बोली लागली नाही तर परत."

आमचा बाजारातल्या बायकांचा बचत गट आहे, नोंदणीचा, बँकेत खातं असलेला. अंडेवाली अध्यक्ष, मी सचिव. गटाच्या नावाने अनामत भरायची, आत शिरायचं, साहेबांना विचारायचं आणि अनामत घेऊन परत यायचं, असं ठरलं. आमच्या दोघींच्या घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखलाही लागला. थकबाकीदाराला बोलीला बसू देत नाहीत. माझी घरपट्टी सुनेने वेळेत भरली होती, त्यावरून मी तिच्याशी भांडले होते ते वेगळं.

सभागृहात चार पुरुष, ठेकेदार आणि आम्ही. पालिकेने सुरुवातीचा आकडा पाच लाख ठेवला होता. ठेकेदाराने आळस देत "पाच पाच" म्हटलं, म्हणजे पाच लाख पाच हजार. बाकीचे चार जण छताकडे बघत होते. ते त्याचेच मेहुणे-भाचे, बोलायला नाही, खुर्च्या भरायला आलेले.

मी उभी राहिले. "साहेब, बाजारातली मुतारी कधी उघडणार?"

साहेब तरुण होते, चेहऱ्याने कंटाळलेले. "मावशी, हा लिलाव आहे, तक्रारींची सभा नाही."

ठेकेदार फिदीफिदी हसला. "ए तिखट, इथे बोलायचं तर बोली बोलायची. नाहीतर खाली बस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच दहा!" मी म्हटलं. "झाली बोली? आता सांगा साहेब, कुलूप का?"

अंडेवालीने माझा पदर ओढला. पण साहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. "बोली नियमात आहे, तर उत्तर देतो. इमारत सरकारी अनुदानातून झाली. ते अनुदान बांधकामापुरतंच. त्यातला एक रुपयाही झाडूवाल्या बाईच्या पगाराला किंवा पाण्याच्या बिलाला वापरता येत नाही. वापरला तर पुढचा हप्ता थांबतो."

"पाच पंधरा," ठेकेदार म्हणाला.

"पाच वीस! मग घरपट्टी कुठे जाते आमची?"

"रस्त्यावरचे दिवे, गटारं, सफाई, पगार. आणि मावशी, शंभरातले चाळीस लोक भरतच नाहीत. जी येते ती महिना संपायच्या आत संपते."

"पाच पंचवीस." ठेकेदाराचं हसू आता आवरतं झालं होतं.

"पाच तीस! बरं, पाणी तर पालिकेचंच आहे. पालिकेच्या मुतारीला पालिका पाणी का देत नाही?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "बाजार व्यापारी भागात येतो. त्यामुळे नळजोडणी दुकानाच्या दराने. बिल बांधकाम विभागाने भरायचं, आणि त्यांच्याकडे त्याची तरतूद नाही."

"म्हणजे तुमचाच डावा हात तुमच्या उजव्या हाताला बिल पाठवतोय?"

लिलावाचा कारकून खोकल्याचं निमित्त करून हसला. साहेबही हसले. "सर्वसाधारण सभेने ठराव केला तर सार्वजनिक सोयीचा दर लावता येतो. कुणी मागणीच केली नाही."

"पाच पस्तीस," ठेकेदार गुरगुरला. एक मेहुणा त्याच्या कानाशी लागला.

"पाच चाळीस! पैसे घेऊन का नाही चालवत मग?"

"ठरवलं होतं. दर खेपेला पाच रुपये, वापरशुल्क. ठेका घ्यायला कुणी आलं नाही. तुम्ही विक्रेत्या बायका दिवसातून तीनदा पाच-पाच रुपये देणार का?"

"छे!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"पाच पंचेचाळीस."

"पाच पन्नास." या वेळी मी प्रश्न विचारला नाही. मला डोक्यात काहीतरी दिसायला लागलं होतं. पन्नास हजार जादा बोलूनही हा माणूस उठून जात नाही. का नाही जात? बाजारात बसायच्या अडीचशे जागा, रोज दहा रुपये. रोज सगळ्या भरत नाहीत, पावसापाण्याचे दिवस सोडले, तरी सात लाखांच्या आसपास होतात. आणि हा तर पंधरा घेतो! दोन वर्षं मी कुलपाकडे बघत होते, किल्लीचे पैसे याच्या खिशात जात होते. अनुदानातही नाही, घरपट्टीतही नाही. आमच्याच दहा-दहा रुपयांत!

"पाच पंचावन्न," ठेकेदार माझ्याकडे वळला. "बास कर आता. अनामत बुडेल, गटातल्या बायका तुला फाडून खातील."

ते खरं होतं. बोली लागली तर चौथा हिस्सा लगेच भरायचा होता, उरलेले दरमहा. त्यात अंडेवालीने नातीच्या शिक्षणाला साठवलेले जाणार होते, गटातल्या फुलवालीने घराच्या पत्र्याला साठवलेले जाणार होते. मी अंडेवालीकडे बघितलं. तिला काही सांगायची गरजच नव्हती, चाळीस वर्षांत ती माझं तोंड वाचायला शिकलीय. तिने पदर सोडला आणि खुर्ची सरकवून माझ्या शेजारी उभी राहिली.

"पाच साठ," मी म्हटलं. "आणि शेवटचा प्रश्न, साहेब. बोलीच्या वर जे उरतं ते कुणाचं?"

"बोली घेणाऱ्याचं."

"घेणाऱ्याने त्यातून मुतारी चालवायची म्हटली तर?"

साहेब सरळ होऊन बसले. आता चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. "घेणाऱ्याने तसं लिहून दिलं तर मी ते सभेपुढे ठेवेन. किल्ली द्यायला सभा एका पायावर तयार होईल."

सगळे ठेकेदाराकडे बघायला लागले. त्याने मेहुण्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "घेऊ दे तिला. दोन महिन्यांत रडत येईल."

"एकवार," कारकून म्हणाला. "दोनवार." "तीनवार!"

पायरीवर येऊन मी मटकन बसले. "अगं, आपण तर फक्त विचारायला आलो होतो," मी म्हटलं. अंडेवाली इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग ते पाणी खरंच रडण्याचं झालं.

गटाच्या बैठकीत शिव्या पोटभर खाल्ल्या. "तुला कुणी सांगितलं होतं?" असं म्हणून फुलवाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच पत्र्याचे पैसे घेऊन आली आणि म्हणाली, "पहिली मी जाणार हं आत." सुनेने बँकेतलं सगळं लिहिणं-भरणं अंगावर घेतलं. बाजार बंद करा हे मात्र ती पुन्हा म्हणाली नाही.

सभेने बोली मंजूर केली, पाण्याचा दर बदलला, आणि वापराचा दरही ठरवला. त्या दिवसाची बाजाराची पावती असेल त्या बाईला फुकट, बाहेरून येणारीला पाच रुपये. वसुली आम्ही पाळीपाळीने करू लागलो. दहा म्हणजे दहाच, आणि हातात पावती. पंधरा द्यायची सवय झालेला कांदेवाला म्हातारा उरलेले पाच रुपये हातात घेऊन बघतच राहिला. झाडायला एक बाई पगारावर ठेवली. फार उरत नाही, पण आतबट्ट्याचं नाही. पहिल्या महिन्याचा हप्ता भरला त्या दिवशी मी ठेकेदाराला मूठभर मिरच्या फुकट दिल्या. काय करणार, जीभ आवरली तरी हात आवरत नाही.

कुलूप मात्र किल्लीने उघडलंच नाही, गंजून गेलं होतं. लोहाराने ते तोडलं. फीतही नाही, फोटोही नाही. फुलवाली आत गेली, अंडेवाली गेली, मी गेले. नळ सोडला तर धो धो पाणी! मी तिथेच उभी राहून हात धूत राहिले, उगीचच.

परत जागेवर आले तर सून बसली होती, कामावरून मधल्या सुट्टीत आलेली. तिने पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढून मिरच्यांच्या टोपलीशेजारी ठेवली. ऊन डोक्यावर आलं होतं, गर्दीची वेळ.

"मिरची कशी दिली, मावशी?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं, "आधी पाणी पिऊ द्या." आणि भर दुपारी, भर बाजारात, मी ती बाटली तोंडाला लावली.