आईच्या सेंटची देखभाल

आई गेल्यावर तिच्या साड्या मावशीने नेल्या, चपला कामवाल्या बाईंनी नेल्या आणि सेंटची बाटली बाबांनी ताब्यात घेतली. काचेच्या बुचाची, अर्ध्याहून कमी उरलेली बाटली. तो सेंट बनवणं कंपनीने नुकतंच बंद केलं होतं. आईचा वास घरात आता फक्त त्या बाटलीत होता.

बाबांची अख्खी नोकरी शीतगृहात गेली. हजारो पेट्या सफरचंदं त्यांनी हंगामाच्या पलीकडे टवटवीत ठेवली होती. त्यामुळे एका बाटलीचं काय मोठंसं, असा त्यांचा आविर्भाव होता.

बाटली बाथरूममध्ये असायची, गीझरखालच्या फळीवर. बाबांनी ती पहिल्याच दिवशी तिथून हलवली. "आंघोळीला वाफ, नंतर गार. दिवसातून चारदा गरम-गार झालं तर कुठला माल टिकेल?"

"आईचा टिकायचा की."

"तिचा वर्षात संपायचा. सडायला वेळ कुठे होता?"

बाबांशी साठवणीवर वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

मग बाटली खिडकीतल्या शोकेसमध्ये गेली. तिथे ऊन येतं म्हणून दुसऱ्याच दिवशी बाहेर आली. फ्रिजचा विचार झाला, पण बाबांचा फ्रिज सारखा उघडला जातो आणि त्यात लसूण असतो. शेवटी बाबांनी कपाटाचा खालचा खण रिकामा केला. ती भिंत घरात सगळ्यात थंड, हे त्यांनी थर्मामीटर लावून ठरवलं होतं. बाटलीला बुटांचं खोकं, खोक्यावर काळं कापड. त्यांचे स्वतःचे लोकरीचे कपडे खुर्चीवर आले आणि तिथेच राहिले.

रविवारी मी माझ्या घरून त्यांच्याकडे जायचे तेव्हा बाबा तब्येतीचं सांगावं तसं बाटलीचं सांगायचे. उजेड नाही, ओल नाही, तापमान स्थिर. मी "छान" म्हणायचे. माणूस दुःखाने खचण्यापेक्षा खणात डोकं घालून बसलेला बरा.

एका रविवारी मात्र त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. "रंग गडद झालाय," ते म्हणाले. "आणि आंबूस वास येतोय. वरचा तो संत्र्यासारखा वास गेला." त्यांना इतकं हवालदिल मी आईच्या आजारपणातही पाहिलं नव्हतं.

मी त्यांना बाजारातल्या सेंटवालीकडे नेलं. बाटली लोकरीच्या मफलरात गुंडाळून बाबांनी छातीशी धरली होती. बाईंनी कागदाच्या पट्टीवर थेंब घेतला, हुंगला, जरा थांबून पुन्हा हुंगला.

"ठेवता कुठे, काका?"

बाबांनी सांगितलं. सगळं, थर्मामीटरसकट. बाई मान डोलावत होत्या. "ठेवणीत काही खोट नाही. उघडता किती वेळा?"

"रोज सकाळी," बाबा अभिमानाने म्हणाले. "मालाची फेरी चुकवायची नसते. बूच काढायचं, वास घ्यायचा, ठीक आहे बघून..."

ते मध्येच थांबले. पुढे सांगायची गरजच नव्हती, कारण फळं टिकावीत म्हणून सफरचंदाच्या खोल्यांमधला प्राणवायू कमी करून त्या सील करायचं काम बाबांचंच होतं. काचेतून बघायचं, दार उघडायचं नाही. एका कामगाराने नुसतं डोकावायला दार उघडलं तेव्हा त्याला बाबांनी घरी बसवलं होतं.

"रोज नवी हवा," बाबा म्हणाले.

"हो. आणि बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त," बाई म्हणाल्या. "पण खालचा, सावकाश येणारा वास अजून चांगला आहे. लहान बाटलीत काठोकाठ भरून देते. पुन्हा उघडू नका. काही वर्षं निघतील."

"आणि वास कधी घ्यायचा?" बाबांनी विचारलं.

बाईंनी रिकामी लहान बाटली काउंटरवर ठेवली.

बाबांनी बाटली पुन्हा मफलरात गुंडाळली. "खोली एकदा उघडली की माल परत सील करत नाहीत," ते म्हणाले. "लोकांकडे पाठवतात. खाण्यासाठीच ठेवलेला असतो."

घरी आल्यावर त्यांनी खण आवरला आणि लोकरीचे कपडे आत ठेवले. मग बूच काढून माझ्यासमोर उभे राहिले.

"हात पुढे कर."

"बाबा, तुम्ही लावा ना."

"स्वतःवर लावलं की थोड्या वेळाने कळेनासं होतं. शिवाय माझ्या अंगाला येऊन उपयोग काय?"

मी दोन्ही मनगटं पुढे केली. त्यांनी थेंब लावले, जरा जास्तच. आंबूसपणा आधी आला आणि उडाला. मग खालून आई आली. मी मनगटं नाकाशी नेली.

बाबा सोफ्यावर बसले, पेपर उघडला, डोळे मिटले. मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"लांब का बसलीस," ते म्हणाले. "सरक इकडे."

मी सरकले.