घरटी एक

हैबती बोलायला लागला की आमची अख्खी वाडी माना डोलवायची. मुंबईच्या गिरणीत माणसं भरणारा जॉबर तो, मनगटाला घड्याळ, तोंडात ‘देखो’ नि ‘समझो’. मला मान डोलवायचा रोग नाय, म्हणून त्याचं नि माझं कधी जमलं नाय.

शिमग्याला देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, तेव्हा त्यानं गावकीत विषय काढला. “देखो, भागोजीनं पोरगा मुंबईला धाडला, घरावर कौलं चढली. सदूनं धाडला, दारात म्हैस आली. ज्या घरानं माणूस धाडला, ते घर वर आलं. मग सगळ्याच घरांनी सगळे धाडले, तर सगळी वाडी वर येईल का नाय?”

“येईल, येईल,” सगळे म्हणाले.

मी बायांतून उठले. “अरे हैबती, भागोजीचा पोरगा गेला तेव्हा त्याची नांगरट माझ्या पोरानं, रामानं केली. एक गेला तर मागचे सावरतात. सगळेच गेल्यावर सावरायला कोण, तुझं घड्याळ? रानातलं एक झाड तोडलं तर रान राहतं. घरटी एक झाड तोडून बघ की, काय उरतं!”

“बायांनी गावकीत बोलू नये,” म्हातारा सोनबा खेकसला.

“मग बापयांनी डोकं वापरावं,” मी म्हटलं नि घरी आले.

शिमगा सरला, बापये मुंबईला गेले. रामाला मी धाडला नाय. हैबती तेवढा मागं राहिला होता. त्याची लेक रखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि जाताना रामालाही न्यायचा त्याचा हट्ट होता. रोज माझ्या ओट्यावर येऊन तीच टकळी.

एका सकाळी रखमा अडली. सुईण साळूबाई बाहेर आली ती घाम पुसतच. “मूल आडवं हाय. माझ्या हातचं नाय हे. पोलादपूरला डॉक्टराकडं न्या, नायतर दोघंही जातील.”

म्हणजे डोली आली. बांबूला घोंगडं बांधायचं, त्यात माणूस निजवायचं, वर चार खांदे. घाट उतरायचा तर पालटायला आणखी चार. आणि वाडीत बापये किती? हैबती, रामा, नि काठीशिवाय उभा न राहणारा सोनबा.

हैबती अंगणात घड्याळ बघत उभा. “अगो, हाक मारा कुणाला तरी!”

“कुणाला मारू? वर गेली ना तुझी वाडी!” मला भयंकर राग आला होता. पण आत रखमा ओरडत होती, त्या पोरीचा काय गुन्हा? मी पदर खोचला. “बांबू काढा. डोली आम्ही बाया नेतो.”

“बाईनं खांदा द्यायचा? अपशकुन!” सोनबा ओरडला.

“अपशकुन नंतर बघू.”

हैबती रडकुंडीला आला होता, तरी बोलायचं सोडेना. “ठकूबाय, तुला एकटीला रखमा उचलेल का? शकूला उचलेल? ठमाबाईला? एकीलाही नाय. मग तुमच्यानं डोली कशी जाईल?”

“मेल्या, अजून तोच हिशोब! एकेका घराचं भलं झालं म्हणून वाडीचं होईल म्हणालास, ते दिसतंय समोर. आता एकेकीला जमत नाय म्हणून सगळ्यांना जमणार नाय म्हणतोस. एकट्या बापयानं तरी कधी डोली नेली? मोळ्या घेऊन हा घाट कोण उतरतं रे?”

तो बांबू काढायला वळला.

पण नुसत्या बाया गोळा झाल्या म्हणून डोली चालत नाय. पहिल्या वळणालाच ती कलंडली, कारण शकू उंच नि तिच्या जोडीची ठमाबाई बुटकी. मी डोली टेकवली. उंचीला उंची लावली, उताराला उंच बाया पुढं, बुटक्या मागं. पावलाला पाऊल पडावं म्हणून रामा पुढून “हां… हां…” करत ताल देऊ लागला. खांदे सोलवटले तशा पालटत गेलो. हैबतीनंही खांदा दिला. घोंगड्यातून रखमा “आयो, आयो” करायची, आणि मी म्हणायची, “ओरड गो, ओरड, पण जीव सोडू नको.”

पोलादपुरात डॉक्टरानं तिला तडक आत घेतलं. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. ऊन उतरलं, तेव्हा आतून मूल रडलं. मुलगी. रखमाही वाचली.

हैबती माझ्यासमोर मटकन बसला, डोळ्यांना धार. “ठकूबाय, तुझ्यामुळं पोरगी वाचली माझी.”

“माझ्यामुळं?” सोलवटलेल्या खांद्यावरून पदर सारत मी म्हटलं, “मी एकटीच असते, तर रखमा अजून तुझ्या घरात असती. आणि तुझं ऐकलं असतं, तर रामाही तुझ्या मुंबईत.”